प्रस्तावना : उभी पट्टी आणि वरचा कॅमेरा

पेपर क्विलिंगमध्ये कागद आडवा झोपत नाही. तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी सुईवर गुंडाळायची, सैल सोडायची, चिमटीत धरून तिला पानाचा किंवा पाकळीचा आकार द्यायचा आणि तिच्या पातळ कडेवर उभी करून कार्डाला चिकटवायची, एवढाच या कामाचा पाया आहे. कार्ड हातात घेतलं की या उभ्या कागदाची सावली दिसते, बोट फिरवलं तर उंची लागते. पण ही कला शिकवणाऱ्या चित्रफितींत मोबाइल बहुतेक वेळा टेबलाच्या वर, तोंड खाली करून टांगलेला असतो. वरून पाहिलं की उभ्या पट्टीची फक्त कड दिसते आणि उंची नाहीशी होते. शिकणारी मुलगी पडद्यावर रेघा पाहते आणि करायला बसते तेव्हा हातात भिंती असतात. या पुस्तकातल्या सगळ्या संहिता या एका अडचणीशी झगडतात.

पुस्तकाचं स्वरूप आधी सांगतो. हे क्विलिंगच्या नमुन्यांचं पुस्तक नाही, शिकवण्याच्या चित्रफिती तयार करण्यासाठी लिहिलेल्या संहितांचा संग्रह आहे. प्रत्येक संहितेत साहित्याची यादी आहे, कुठला शॉट किती जवळून आणि किती वेळ घ्यायचा हे आहे, त्यावर बोलायची वाक्यं आहेत आणि शेवटी तयार कार्ड कसं दाखवायचं हेही आहे. संहिता माहूरला बसून लिहिल्या आहेत, आणि ते यादीवरून लगेच कळतं. क्विलिंगच्या तयार पट्ट्यांचं पाकीट गावात हमखास मिळेल असं त्यांत कुठेही धरलेलं नाही. नांदेड शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे, आणि एका रंगाची पट्टी संपली म्हणून तिथे कोणी जात नाही. त्यामुळे इथली प्रत्येक पट्टी ए-फोर आकाराच्या रंगीत कागदातून कापलेली आहे, म्हणजे तिची लांबी २९.७ सेंटिमीटर. सगळी मापं या लांबीवर बसवलेली आहेत.

ज्यांना ही कला नवी आहे त्यांच्यासाठी तिचा प्रवास थोडक्यात. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातल्या मठांमधल्या नन सोनेरी कडेच्या कागदाच्या अरुंद पट्ट्या पिसाच्या दांडीवर गुंडाळत आणि त्यांनी संतांच्या अवशेषांच्या पेट्या आणि धार्मिक चित्रांच्या चौकटी सजवत. सोन्याच्या तारेचं जाळीकाम परवडत नव्हतं, त्याचा भास कागदाने साधला जाई. अठराव्या शतकात ही कला इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत आली. सुतार चहाच्या पेट्यांना मुद्दाम खोलगट बाजू ठेवून त्या विकत आणि घरातल्या बायका तो खोलगट भाग वळलेल्या कागदाने भरत. १७८६ साली ‘न्यू लेडीज मॅगझीन’ने या कामाचे नमुने छापले. जेन ऑस्टिनच्या १८११ च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ कादंबरीत एलिनॉर ही लूसीला कागद वळू लागण्याची तयारी दाखवते, कारण तिला लूसीशी खाजगीत बोलायचं असतं. त्या प्रसंगातून या कामाची एक सोय लक्षात येते. वळणं आणि चिकटवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि एका टेबलाशी बसून ती दोघींना वाटून घेता येतात. आजही गटाने कार्डं करणाऱ्या बायका काम असंच वाटून घेतात, आणि या पुस्तकातल्या संहिताही त्याच दोन भागांत मांडल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात ही आवड ओसरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा वर आली आणि १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये क्विलिंग गिल्ड स्थापन झालं. त्यानंतर तिच्या ठळक वाटा वेगळ्या झाल्या. पहिली वाट जुनीच, गुंडाळीची. पट्टी गुंडाळून, सोडून, चिमटून थेंब, डोळा, पान असे बंद आकार करायचे आणि ते शेजारी-शेजारी मांडायचे. शिकणारा सहसा इथूनच सुरुवात करतो. दुसरी वाट कडेने चित्र काढण्याची. इथे गुंडाळी कमी असते आणि रेषा जास्त. जाड कागदाच्या पट्ट्या उभ्या वाकवून अक्षरं आणि चेहरे उभे करायचे. रशियात जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या युलिया ब्रोडस्काया यांनी ही पद्धत जाहिरातींपर्यंत नेली. तिसरी वाट दाट भरणीची. अमेरिकेतल्या लिसा निल्सन यांनी ‘टिश्यू सिरीज’मध्ये मानवी शरीराचे आडवे छेद वळलेल्या कागदाने इतके गच्च भरले आहेत की मागचा पाया दिसतच नाही. चौथी वाट कार्डापासून सुटून वर येण्याची. घट्ट गुंडाळी मागून ढकलून तिला घुमटासारखं फुगवायचं आणि आतून फेविकॉल लावून पक्कं करायचं. आपल्याकडे झुमके याच पद्धतीने होतात, आणि महाराष्ट्रात कितीतरी जणींची क्विलिंगशी पहिली ओळख कार्डापेक्षा या झुमक्यांमुळे झाली.

शिकवण्याची साधनंही बदलत गेली, आणि दर वेळी काहीतरी हातचं गेलं. मासिकातला छापील नमुना बाह्यरेषा दाखवायचा, पण पट्टी किती लांब घ्यायची ते सांगत नव्हता. विसाव्या शतकातल्या पुस्तकांनी लांबी आणि आकारांची नावं दिली, पण हात दाखवता आला नाही. चित्रफितीने हात दाखवला आणि लांबी पुन्हा हरवली. आता बोलणारी व्यक्ती ‘थोडी पट्टी घ्या’ म्हणते आणि पुढे जाते. या पुस्तकाचा आग्रह असा की हात, लांबी आणि उंची ही तिन्ही एकाच संहितेत आली पाहिजेत.

लांबीवर इतका जोर देण्याचं कारण एका साध्या हिशेबात आहे. १२० जीएसएम कागदाची ए-फोर लांबीची एक पट्टी घट्ट गुंडाळली की सुमारे सात मिलिमीटरची चकती होते. चकती दुप्पट रुंद हवी म्हणून नवशिका दोन पट्ट्या जोडतो आणि त्याला जेमतेम दहा मिलिमीटर मिळतात. दुप्पट व्यासासाठी चार पट्ट्या लागतात, कारण कागद चकतीचं क्षेत्रफळ भरतो आणि व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं. हे माहीत नसलं की फूल ठरवल्यापेक्षा लहान निघतं, कार्डावर रिकामी जागा उरते आणि ती भरायला मग कसलेही आकार कोंबले जातात. संहितेत ‘पट्टी घ्या’ऐवजी ‘दोन पूर्ण पट्ट्या टोकाला टोक जोडून घ्या’ लिहिलं की हा घोळ सुरूच होत नाही.

संग्रहातली एक संहिता मी जरा उलगडून दाखवतो, म्हणजे बाकीच्या कशा वाचायच्या ते कळेल. ती दसऱ्याच्या कार्डाची आहे. माहूरला नवरात्रात रेणुकादेवीच्या गडावर रीघ लागलेली असते आणि बाजारात झेंडूचे ढीग पडतात, तेव्हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. कार्डावर तीन झेंडू आणि त्यांच्याखाली आपट्याची दोन पानं. ए-फाइव्ह आकाराचा, २५० ते ३०० जीएसएमचा आयव्हरी कागद मधोमध दुमडला की पाया तयार.

यादी अशी आहे. पानांसाठी हळदी रंगाच्या तीन मिलिमीटरच्या चार पट्ट्या. प्रत्येक झेंडूसाठी दहा मिलिमीटरच्या दोन केशरी पट्ट्या आणि मध्यासाठी पाच मिलिमीटरची अर्धी पिवळी पट्टी, म्हणजे तीन फुलांना सहा केशरी आणि दीड पिवळी. देठांना हिरवी एक. शिवाय फेविकॉल, टूथपिक, बारीक कात्री, चिमटा आणि गोलांची भोकं असलेली प्लॅस्टिकची पट्टी. क्विलिंगची सुई नसेल तर भरतकामाच्या जाड सुईच्या नेढ्याचं वरचं टोक पक्कडीने तोडायचं, म्हणजे वर फट तयार होते, आणि सुईचं अणकुचीदार टोक पेन्सिलीच्या खोडरबरात रोवायचं. यादीत एक गोष्ट मुद्दाम नाकारलेली आहे, ती म्हणजे चकाकणारा सोनेरी कागद. आपट्याच्या पानाला सोनं म्हणतात म्हणून तो घ्यावासा वाटतो. पण त्याच्या चकचकीत बाजूवर फेविकॉल नीट धरत नाही, आणि जवळच्या शॉटमध्ये त्यावर पांढरा डाग पडतो व आतले वळसे दिसेनासे होतात.

पट्ट्या कापण्याआधी कागदाची दिशा बघायची. अख्खा कागद एकदा लांबीकडून आणि एकदा रुंदीकडून हलकाच वाकवायचा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या दिशेने पट्टीची लांबी यावी. उलट्या दिशेने कापलेली पट्टी गुंडाळताना अडते आणि वळशांना बारीक कोपरे पडतात. ही तपासणी संहितेत पहिल्याच शॉटमध्ये आहे, कारण कापून झाल्यावर ती करून काही उपयोग नाही. कागदाची सोपी दिशा रुंदीकडे निघाली तर पट्ट्या आखूड पडतील, मग दोन जोडून लांबी पुरी करायची.

पान करायचं ते असं. पूर्ण पट्टी सुईवर घट्ट गुंडाळायची, सुईवरून काढायची, वीस मिलिमीटरच्या भोकात ठेवायची आणि सोडून द्यायची. गुंडाळी आपोआप उलगडते आणि भोकाच्या कडेला टेकून थांबते. मग टोकाला टूथपिकने फेविकॉलचा टिपूस, आणि एका बाजूला चिमटून थेंबाचा आकार. असे दोन थेंब टोकं खाली ठेवून शेजारी लावायचे. खालचा दोन तृतीयांश भाग चिकटवायचा आणि वरच्या गोलाया मोकळ्या ठेवायच्या. आपट्याच्या पानाची दोन दळं वरून दुभंगलेली असतात, ती ओळख त्या मोकळ्या भागातून येते. थेंब पूर्ण चिकटवले तर ते बदाम दिसतं, आपटा नाही.

यातला गाभ्याचा क्षण गुंडाळी सोडण्याचा आहे. तो जेमतेम एक सेकंद असतो, आणि नेमका तोच बहुतेक चित्रफितींत हाताआड जातो किंवा संकलनात कापला जातो. संहितेत तो असा लिहिला आहे :

शॉट ९. अगदी जवळून, तिरका. पडद्यावर फक्त भोक आणि दोन बोटं. बोटं बाजूला होतात, गुंडाळी उलगडते. शॉट पाच सेकंद तसाच ठेवावा, बोलू नये.

शॉट १०. तोच कोन. शेजारच्या भोकात फार घट्ट गुंडाळलेली दुसरी गुंडाळी, ती उलगडत नाही. बोल : “अशी अडली तर ती परत बोटांत घेऊन हलकेच चोळा, उलगडायला लागेल.”

शॉट ११. तोच कोन. सैल गुंडाळलेली तिसरी, सगळी सुटून भोकाबाहेर येते. बोल : “ही पुन्हा सुईवर घ्यावी लागेल.”

एक बरोबर आणि दोन बिघडलेल्या गुंडाळ्या एकाच कोनातून दाखवल्याने शिकणाऱ्याला आपलं काय चुकतंय ते स्वतःला ओळखता येतं. हातातला ताण शब्दांनी सांगता येत नाही, त्याचा परिणाम मात्र दाखवता येतो. असे तिहेरी शॉट चित्रफितीत भरमसाट नसावेत. संहिता ते फक्त हाताच्या दाबावर अवलंबून असलेल्या कृतींसाठी राखून ठेवते. कात्रीने कापणं, जोडणं, वाळवणं हे पटकन उरकतं.

झेंडूचा वेळ कुठे जातो तेही संहितेत लपवलेलं नाही. दहा मिलिमीटरच्या पट्टीला एका कडेने सात मिलिमीटर खोल, मिलिमीटरभर अंतरावर काप द्यायचे आणि खालचे तीन मिलिमीटर अखंड ठेवायचे. एका पट्टीला असे जवळपास तीनशे काप पडतात, सहा पट्ट्यांना अठराशे. तीन पट्ट्या एकावर एक ठेवून कापल्या तर सहाशेवर काम भागतं. तीनपेक्षा जास्त थर घेतले की कात्री सरकते आणि खालच्या पट्टीचे काप अखंड भागात घुसतात. मग गुंडाळताना पट्टी तिथेच तुटते. झालर केलेल्या दोन पट्ट्या पिवळ्या मध्याभोवती गुंडाळून तळाला फेविकॉल लावायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच पाकळ्या बाहेर उघडायच्या. घाई केली तर तळ सुटतो आणि मधला भाग वर येतो. नीट झालेलं फूल साधारण अडीच सेंटिमीटर रुंद भरतं, आणि तीन फुलं साडेदहा सेंटिमीटर रुंदीच्या कार्डावर ओळीने बसतात.

आता कॅमेऱ्याकडे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा आठ-दहा सेंटिमीटरच्या आत सहसा फोकस धरत नाही. जवळचा शॉट म्हणून फोन वस्तूला भिडवला की चित्र धूसर होतं आणि फोनची सावलीही कामावर पडते. त्यापेक्षा फोन वीस-पंचवीस सेंटिमीटरवर ठेवून दुप्पट झूम घ्यावा आणि पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करावेत. नाहीतर हात आत-बाहेर झाला की चित्र उजळतं आणि काळवंडतं. उजेड खिडकीचा, एकाच बाजूने यावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला तो डावीकडून बरा पडतो, म्हणजे हाताची सावली कामावर येत नाही. दोन्ही बाजूंना दिवे लावले की चित्र लख्ख दिसतं, पण सावल्या पुसल्या जातात आणि त्यांच्याबरोबर उंचीही जाते. टेबलावर पांढरा कागद न ठेवता राखी किंवा मातकट रंगाचा, न चकाकणारा कागद ठेवावा.

माहूरच्या हवेचाही विचार संहितेत आहे. दसऱ्याची चित्रफीत दसऱ्याआधी तयार हवी, म्हणजे काम भाद्रपदात येतं आणि तेव्हा डोंगरातली हवा दमट असते. कागद ओलावा शोषतो, त्याची उसळी कमी होते आणि गुंडाळी भोकभर उलगडत नाही. फेविकॉलही वाळायला वेळ घेतो. म्हणून पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायला सांगितलं आहे. चैत्र-वैशाखात उलट होतं. पट्टी कोरडी पडते आणि चिमटताना टोकाला तडकते. तेव्हा चिमटण्याआधी ती बोटांमध्ये ओढून मऊ करून घ्यायची. एकच माप दोन ऋतूंत वेगळी पानं का देतं, याचं उत्तर यात आहे.

चिकटवलेली वस्तू पुन्हा सुटी करता येत नाही, त्यामुळे शॉट बिघडला तर नवा नग लागतो. म्हणून प्रत्येक संहितेत चित्रण सुरू होण्याआधी किती नग कुठल्या टप्प्यापर्यंत करून ठेवायचे ते दिलं आहे. दसऱ्याच्या कार्डासाठी गुंडाळून न सोडलेल्या तीन गुंडाळ्या, चिमटून न जोडलेले दोन थेंब, वाळलेला पण न उघडलेला एक झेंडू. हे सगळे नग एकाच कागदातून कापलेले असावेत. रंगाची छटा बदलली तर पाहणाऱ्याला ती लगेच खटकते.

शेवटचा भाग तयार कार्ड दाखवण्याचा. इथे संग्रहाची भूमिका ठाम आहे. सुरुवातीला संपूर्ण कार्ड दाखवायचं नाही, एकच झेंडू तिरक्या कोनातून तीन सेकंद दाखवायचा. तेवढ्यावर बघणारा ठरवू शकतो की हे आपल्याला करायचं आहे की नाही. कार्ड शेवटी येतं आणि तीन टप्प्यांत येतं. आधी वरून, म्हणजे मांडणी कळते. मग फोन तसाच ठेवून कार्डाची एक बाजू हळूहळू उचलायची, साधारण चाळीस अंशांपर्यंत. या हालचालीत सावल्या लांबतात आणि भिंती दिसू लागतात. शेवटी कार्ड उघडून आतली लिहायची जागा आणि मागची स्वच्छ बाजू दाखवायची. फेविकॉल जास्त झाला असेल तर तो या तिरक्या शॉटमध्ये चकाकतो. अशी चकाकी दिसली तर ते कार्ड दाखवायला घेऊ नये.

आजच्या काळात कार्ड कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सणाच्या शुभेच्छा फोनवरून फुकट जातात, आणि छापील कार्डाचं काम त्या बऱ्यापैकी करतात. फोन उंची मात्र पाठवू शकत नाही. म्हणून हाताने केलेल्या कार्डात उंची नसेल तर त्याला फारसं कारण उरत नाही, आणि ती कशी शिकवायची हाच या पुस्तकाचा विषय आहे. मात्र या उंचीला मर्यादा आहेत आणि संहिता त्या सांगतात. झेंडूचं कार्ड जवळपास सेंटिमीटरभर उंच होतं. ते साध्या पाकिटात जात नाही, आणि पोस्टाने पाठवलं तर चपटं होऊन पोहोचतं. दसऱ्याला सोनं हातोहात दिलं जातं, म्हणून इथे ते चालून जातं. राखी पोस्टाने जाते, म्हणून राखीच्या संहितेत तीन मिलिमीटरच्या वर काहीच नाही.

काही गोष्टी या पुस्तकाने बाहेर ठेवल्या आहेत. चेहरे आणि अक्षरं काढण्याची दुसरी वाट इथे नाही, कारण तिला जाड पट्ट्या आणि चित्रकलेचा सराव लागतो. संगीत, संकलनाचे अॅप, प्रेक्षक कसे वाढवायचे, यांवरही काही नाही. पुस्तकाचा भर संहितेच्या तीन अंगांवर आहे : यादीत लांबी नेमकी असावी, जवळचा शॉट हाताचा दाब कळेल तिथे असावा आणि शेवटच्या शॉटने उंची दाखवावी.

वाचायला घेताना एक सूचना. संहिता आधी नुसती वाचू नका. यादीप्रमाणे पट्ट्या कापा, कार्ड एकदा पूर्ण करा आणि मग संहिता उघडा. तुमचा हात जिथे अडला असेल तिथे संहितेत जवळचा शॉट आहे का ते पाहा. बहुतेक ठिकाणी सापडेल. जिथे सापडणार नाही तिथे समासात आपला शॉट लिहा आणि चित्रण करताना तो घ्या. कागद, हवा आणि हात बदलले की अडण्याच्या जागाही बदलतात, आणि त्या ज्याच्या त्याला आपल्या टेबलावरच कळतात.